चौकटीला आलेली कंबर

आमच्या बेडरूमच्या खिडकीला तीन ट्रॅक आहेत. दोनांवर काचेची शटरं सरकतात आणि आतल्या बाजूच्या तिसऱ्यावर डासांच्या जाळीचं. हे जाळीचं शटर बसवून नऊ वर्षं झाली. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर जाळी खालच्या कोपऱ्यात सुटली आणि वारा आला की शिडासारखी फुगायला लागली. सासूबाईंनी त्या फटीत आधी वर्तमानपत्राची घडी कोंबली, मग त्यावर चिकटपट्टी लावली. दमट हवेत चिकटपट्टी दोन दिवस टिकली. खिडक्यांची कामं करणाऱ्या माणसाला फोन केला, तर एवढ्याशा कामाला तो ‘बघू, या आठवड्यात जमलं तर’ म्हणाला. असे तीन आठवडे गेल्यावर मी स्वतःच मांडी ठोकून बसले.

शटर खाली काढून जवळून पाहिलं तेव्हा कळलं, की या जाळीला ना खिळा, ना डिंक. ॲल्युमिनियमच्या चौकटीला चारही बाजूंनी एक अरुंद खाच असते. जाळी त्या खाचेवर पसरायची आणि वरून रबराची गोल दोरी दाबून खाचेत बसवायची. रबर खाचेपेक्षा किंचित जाड, त्यामुळे आत गेल्यावर ते दोन्ही भिंतींना रेटा देतं आणि मध्ये सापडलेली जाळी घट्ट धरून ठेवतं. सगळी पकड त्या रेट्याची. वर्षानुवर्षं ऊन खाऊन रबरातला मऊपणा जातो, ते आखडतं, आणि आखडलेलं रबर सगळ्यात आधी कोपरा सोडतं. आमचंही तिथेच सुटलं होतं. जुनं रबर उपसून काढलं आणि सासूबाई ते कुंडीतल्या मिरचीला बांधायला घेऊन गेल्या, तर गाठ मारता मारताच कटकन तुटलं. रबर बदलायचं की नाही याची याहून सोपी परीक्षा नाही: बोटाभोवती गुंडाळून पाहावं, तडा गेला तर ते संपलं.

नुसतं रबर वर आलं असेल आणि जाळी खाचेतच असेल, तर रबर पुन्हा दाबून भागतं. पण जाळीच रबराखालून निसटली असेल, तर तीच जाळी परत बसवायचा खटाटोप करू नये. जाळी बसवल्यावर रबराबाहेरचा भाग कापून टाकलेला असतो, त्यामुळे धरायला काठ उरलेलाच नसतो. ती ओढून खाचेपर्यंत आणली तरी आठवड्यात पुन्हा निसटते. जाळीच्या मधोमध नखाएवढं भोक असेल तर मात्र त्याच जाळीचा तुकडा वरून शिवून टाकावा, सगळी जाळी उतरवायची गरज नाही.

शटर काढायचं ते दोन्ही हातांनी सरळ वर उचलून. वरच्या ट्रॅकमध्ये त्याला थोडी मोकळी जागा असते. तिथवर गेलं की खालची कड खोलीकडे ओढून घ्यायची. उचलत नसेल तर खालच्या कोपऱ्यातल्या चाकाचा स्क्रू फिरवून शटर जरा खाली उतरवावं लागतं. ज्यांची जाळी बाहेरच्या ट्रॅकवर आहे आणि घर वरच्या मजल्यावर, त्यांनी हे एकट्याने करू नये. आधी काचेचं शटर उतरवावं लागतं आणि मग हात बाहेर काढून जाळी धरावी लागते. हा उद्योग दोघांचाच आहे.

रिकामी चौकट साबणाच्या पाण्याने धुतली आणि खाच जुन्या टूथब्रशने घासली. नऊ वर्षांची धूळ पावसाच्या पाण्याने थापली जाऊन खाचेत चिकणमातीसारखी बसली होती. ती तशीच राहिली तर नवं रबर तळापर्यंत जात नाही.

हार्डवेअरच्या दुकानात मी ‘जाळीचं रबर द्या’ म्हटल्याबरोबर दुकानदाराने विचारलं, “ताई, जुना तुकडा आणलाय का?” आणला होता. रबर चार मिलिमीटरपासून सहा मिलिमीटरपर्यंत मिळतं, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने सगळं बिघडतं. बारीक घेतलं तर सहज आत जातं आणि तितक्याच सहज बाहेर येतं. जाड घेतलं तर अंगठे सुजेपर्यंत दाबूनही वरच बसतं. त्यातही जुना तुकडा आखडून बारीक झालेला असू शकतो, म्हणून दुकानदाराने मला शेजारची दोन मापं हात-हातभर दिली. “घरी खाचेत दाबून बघा, बसेल ते न्या,” म्हणाला. असा दुकानदार भेटणं हा नशिबाचा भाग.

जाळी मी फायबरची घेतली. काचेच्या तंतूंवर प्लास्टिकचा लेप दिलेली ही राखाडी जाळी मऊ असते, कात्रीने कापते आणि नवख्याच्या हातात ऐकते. स्टीलची जाळी मांजरीच्या नखांना आणि उंदराच्या दातांना पुरून उरते, पण एकदा वाकली की वाकलेलीच राहते, म्हणून पहिल्या प्रयत्नाला ती घेऊ नये. विणीची बारकाई दुकानातच पट्टी ठेवून मोजता येते. नेहमीच्या जाळीत एका इंचात एका दिशेने अठरा आणि दुसरीकडे सोळा घरं असतात. त्यातलं एक घर साधारण सव्वा मिलिमीटरचं पडतं. डासाला ते पुरेसं अरुंद आहे. दिव्याभोवती घोंगावणारी बारीक चिलटं मात्र त्यातून बिनदिक्कत येतात, त्याला इलाज नाही. त्याहून दाट जाळी घेतली तर चिलटं अडतात आणि त्यांच्यासोबत वाराही.

माझं शटर दोन फूट रुंद, चार फूट उंच. चारही बाजूंना तीन-तीन इंच जास्त धरून जाळी अडीच फूट बाय साडेचार फूट घेतली. रबर चौकटीभोवती बारा फूट लागतं, मी चौदा घेतलं. सोबत एक छोटा रोलर घेतला. लाकडी दांडा, एका टोकाला गोल कडेचं चाक आणि दुसऱ्या टोकाला मध्ये पन्हळ असलेलं. पन्हळीचं चाक रबरावर बसतं, घसरत नाही. गोल कडेचं चाक स्टीलची जाळी आधी खाचेत वाकवून घ्यायला असतं. फायबरच्या जाळीवर ते फिरवू नये, धागे तुटतात.

आता माझी फजिती. जाळी ढिली झाली म्हणून तर हे सगळं चाललेलं, तेव्हा ती ताणून बसवायची हे मी गृहीतच धरलं. एका बाजूला रबर दाबलं, मुलाला समोरच्या बाजूने जाळी ओढून धरायला सांगितली आणि ढोलकीच्या पुडीसारखी टणटणीत जाळी बसवली. काम फार छान दिसत होतं. शटर ट्रॅकवर चढवलं, भिंतीकडे सरकवलं, आणि मधोमध चंद्रकोरीसारखी फट! टेपने मोजलं. शटर वर-खाली दोन फूट, म्हणजे चोवीस इंच, आणि कमरेत साडेतेवीस. ॲल्युमिनियमची पट्टी पोकळ असते आणि चार फुटांच्या लांबीत मध्ये तिला आधार नसतो. ताणलेल्या जाळीने दोन्ही उभ्या बाजू आत खेचून घेतल्या होत्या. कोपऱ्यातून बोटभर जागेने येणारा डास आता मधून हातभर लांबीच्या फटीने येणार होता.

सगळं उपसलं आणि पुन्हा बसले. या खेपेला मुलाने चौकटीच्या आतल्या रुंदीएवढी एक लाकडी पट्टी कापून मधोमध आडवी अडकवली, म्हणजे बाजू आत वाकायला वावच नाही. जाळी वर नुसती पसरली. तिचे धागे चौकटीला समांतर आहेत एवढंच पाहिलं, कारण धागे तिरके गेले की शेवटी एका कोपऱ्यात सुरकुती जमते आणि ती काही केल्या जात नाही. मग एका कोपऱ्यापासून उभ्या बाजूने रबर दाबत निघाले. रोलर एका दमात लांबवर नेला की तो निसटून जाळी फाडतो. त्यामुळे वीतभर पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे, असं करत जायचं.

इथे जाळी ओढायचीच नाही. रबर खाचेत उतरताना जाळीला आपल्याबरोबर आत नेतं, आणि खाचेच्या दोन भिंती व तळ मिळून प्रत्येक बाजूची सेंटिमीटरभर जाळी त्यात खर्ची पडते. पहिली उभी बाजू झाली, वरची आडवी झाली, तोवर जाळी ढगळच दिसते आणि मनात पाल चुकचुकते. तिसऱ्या बाजूचं रबर उतरायला लागलं की समोरची जाळी डोळ्यांदेखत सपाट होत जाते. चौथ्या बाजूला उरलेली ढिलाई निघते. हवा तेवढा ताण रबरच देतं, हाताने दिलेला ताण सगळा जास्तीचा.

रबराचंही तेच. दाबताना ते एका हाताने ओढत नेलं तर लांब होतं, भराभर आत जातं आणि आपल्याला वाटतं काम उरकलं. रात्रीतून ते आपल्या मूळ लांबीवर येतं आणि दोन टोकं जिथे मिळाली तिथे बोटभर खाच उघडी पडते. म्हणून रबर सैल धरायचं, उलट थोडं पुढे रेटतच न्यायचं. कोपऱ्यात रोलर पोचत नाही. तिथे ते न कापता वळवायचं आणि बोथट स्क्रू ड्रायव्हरने सरळ खाली दाबायचं, टोचायचं नाही. थंडीत रबर ताठ होतं, तेव्हा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं तर ऐकतं. आत सहज जावं म्हणून तेलाचा हात लावण्याचा मोह मात्र आवरावा, कारण जी वस्तू घर्षणावरच टिकते तिला तेल कसलं लावता?

शेवटी जास्तीची जाळी कापायची. कटरला नवं पातं घालावं. जुनं पातं धागा कापत नाही, ओढतं, आणि त्याबरोबर रबरही वर येतं. पातं रबराच्या बाहेरच्या कडेला टेकवायचं आणि टोक चौकटीच्या बाहेर वळलेलं ठेवायचं. हात घसरलाच तर पातं ॲल्युमिनियमवर जाईल. आतल्या बाजूने कापायला गेलात तर एका झटक्यात दोन तासांचं काम पाण्यात. लाकडी पट्टी काढून पुन्हा मोजलं, वर-खाली आणि कमरेत, तिन्हीकडे चोवीस.

त्या रात्री तरीही दोन डास आले. जाळी निर्दोष होती. मी खोलीतला दिवा मालवला आणि मुलाला बाल्कनीतून खिडकीच्या कडेकडेने विजेरी फिरवायला सांगितली. उजेडाची एक उभी रेघ दिसली, जाळीचं शटर आणि काचेचं शटर जिथे एकावर एक येतात तिथे. त्या सांध्यात लोकरीसारखी ब्रशची पट्टी बसवलेली असते. आमची झिजून टक्कल पडली होती. तीही त्याच दुकानात फुटावर मिळते आणि वरून सरकवून बसवता येते.

दुसरी रेघ जरा वेगळ्या कारणाने होती. काच अर्धवट उघडी होती. अशा खिडकीत काच पूर्ण सरकवली तरच तिची कड जाळीच्या कडेला येऊन मिळते. मध्येच थांबवली तर दोन काचांच्या मधून ट्रॅकच्या रुंदीएवढी वाट मोकळी राहते, जाळी कितीही नवी असो. सासूबाईंना हवा बेताची लागते, काच अर्धीच उघडायची त्यांची जुनी सवय. आता त्या काच पूर्ण सरकवतात आणि अंगावर शाल घेतात.