पार्सल सध्या कुणाच्या हातात आहे?

खरेदीच्या अॅपवर सोमवारपासून एकच हिरवी रेघ दिसते आहे: ‘Shipped’. खाली आशा लावणारी तारीख असते, ती उलटून गेली की तिच्या जागी दुसरी येते. रेघ मात्र हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण अॅपच्या मदतकेंद्राशी बोलायला जातात आणि ‘कृपया आणखी 48 तास थांबा’ एवढं ऐकून परततात. तिथे बसलेल्या माणसाच्या पडद्यावरही बहुधा तीच हिरवी रेघ असते. त्यापुढची माहिती कुरिअर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते आणि ती पाहायला फक्त एक क्रमांक लागतो.

हा क्रमांक म्हणजे वेबिल किंवा एडब्ल्यूबी नंबर. पार्सलवर चिकटवलेल्या लेबलवर बारकोडच्या खाली तो छापलेला असतो. ऑर्डर नंबर वेगळा. ऑर्डर नंबर अॅपचा, वेबिल कुरिअरचं. एका ऑर्डरमधल्या वस्तू दोन खोक्यांतून आल्या, तर ऑर्डर नंबर एक आणि वेबिलं दोन असतात. अॅपमध्ये ऑर्डर उघडून ट्रॅकिंगचा सविस्तर भाग पाहिला, की तळाशी कुरिअरचं नाव आणि ‘Tracking ID’ किंवा ‘AWB’ असं लिहिलेलं सापडतं. काही अॅप ते दाखवत नाहीत. मग कुरिअरकडून आलेला एसएमएस किंवा विक्रेत्याची ईमेल शोधावी. तिथेही नसेल तर विक्रेत्याकडे मागावा. क्रमांक हाताने टाइप करण्यापेक्षा कॉपी करून चिकटवणं बरं. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत झाली, की संकेतस्थळ सरळ ‘असं पार्सलच नाही’ म्हणतं आणि माणूस उगाच घाबरतो.

अॅप मागे का राहतं? पार्सल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बारकोडवर यंत्र फिरवलं जातं, त्याला स्कॅन म्हणतात. स्कॅन झाल्याची नोंद आधी कुरिअरच्या संगणकात होते. तिथून ती विक्रेत्याच्या यंत्रणेत जाते, अनेकदा मध्ये कुरिअर जोडून देणारी तिसरीच कंपनी असते, आणि शेवटी अॅपकडे पोचते. कुठे नोंद झाल्याबरोबर पुढे ढकलली जाते, कुठे दर काही तासांनी विचारून आणली जाते. यातला एक दुवा अडला की अॅपवरचं चित्र शिळं होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कुरिअरकडे पार्सलच्या अवस्थांची लांबलचक यादी असते, पण अॅपमध्ये जागा असते चार-पाच टप्प्यांचीच. ‘पत्ता सापडला नाही’, ‘घर बंद’, ‘चुकीच्या शाखेत आलं’ या सगळ्यांना अॅपमध्ये नेमका खण नसला, की ते ‘Shipped’मध्येच कोंबले जातात. बिघाड झाला तरी अॅप शांत दिसतं ते यामुळे.

एक उदाहरण घेऊ. समजा, रत्नागिरीतल्या एका बाईंनी भिवंडीच्या विक्रेत्याकडून मिक्सरचं भांडं मागवलं. अॅपवर सोमवारी संध्याकाळी ‘Shipped’ आलं आणि रविवार उजाडला तरी तेच आहे. त्यांनी वेबिल कुरिअरच्या साइटवर टाकलं, तर पानावर सात ओळी निघाल्या. सोमवारी संध्याकाळी 6.10 ला ‘Manifested’. बुधवारी दुपारी 3.25 ला भिवंडीत ‘Picked Up’. त्याच रात्री 11.50 ला बॅगेत भरून रवाना. शुक्रवारी पहाटे 4.40 ला कोल्हापूरच्या हबवर. शनिवारी सकाळी 9.15 ला रत्नागिरीच्या शाखेत. 10.05 ला ‘Out for Delivery’. आणि संध्याकाळी 7.48 ला ‘Undelivered’, शेरा: ग्राहकाशी संपर्क झाला नाही.

आता पहिली ओळ पुन्हा पाहा. ‘मॅनिफेस्ट’ झालं याचा अर्थ विक्रेत्याने लेबल छापलं आणि कुरिअरला माहिती पाठवली, एवढाच. भांडं अजून विक्रेत्याच्या फळीवरच आहे. डीटीडीसीच्या साइटवर या टप्प्याला ‘Softdata Upload’ असं दिसतं. माल आलेला नाही, फक्त त्याची माहिती आली आहे. सोमवार ते बुधवार पार्सल जागचं हललंच नव्हतं, तरी अॅपने ‘पाठवलं’ असं जाहीर करून टाकलं. पानावर ही एकच ओळ असेल आणि दोन-तीन दिवस उलटले असतील, तर कुरिअरला फोन करून काही उपयोग नाही. त्यांच्या हातात अजून काही आलेलंच नाही. तक्रार विक्रेत्याकडे किंवा अॅपकडे करायची, आणि सांगायचं की उचलल्याचा स्कॅनच नाही. असंही होतं की विक्रेता पहिलं लेबल रद्द करतो, दुसऱ्या कुरिअरकडून माल पाठवतो आणि अॅपवर जुनाच क्रमांक राहतो. तो क्रमांक मग ‘मॅनिफेस्ट’वरच गोठून बसतो. विचारल्याशिवाय नवा मिळत नाही.

बुधवार रात्र ते शुक्रवार पहाट, एका दिवसाहून अधिक काळ, पानावर काहीही नाही. इथे लोक सगळ्यात जास्त हवालदिल होतात आणि इथेच काळजीचं कारण सगळ्यात कमी असतं. एका गावाकडे जाणारी छोटी पार्सलं एका मोठ्या बॅगेत भरून ती सील करतात. पुढच्या हबपर्यंत स्कॅन होतो तो बॅगेचा. आतलं प्रत्येक खोकं बॅग उघडेपर्यंत पुन्हा यंत्राखाली येत नाही. ट्रक घाटात असताना स्कॅन करणार तरी कोण? टपाल खात्याच्या स्पीड पोस्टमध्ये हाच टप्पा ‘Item Bagged’ आणि ‘Item Dispatched’ अशा शब्दांत दिसतो. ब्लू डार्टच्या पानावर ‘Shipment Further Connected’ असं येतं, त्याचा अर्थ पुढच्या गाडीला किंवा विमानाला माल जोडला गेला. शेवटची ओळ ‘रवाना’ या अर्थाची असेल, तर लांबच्या अंतराला दोन दिवसांची शांतता नेहमीचीच. शेवटची ओळ ‘आपल्या गावच्या शाखेत पोचलं’ अशी असेल आणि त्यानंतर दोन दिवस काहीच नसेल, तर मात्र विचारायला हवं. माल तिथे बाजूला पडलेला असू शकतो, किंवा आपला पिनकोड दुसऱ्या शाखेकडे असताना तो चुकून इथे उतरलेला असतो. त्यामुळे ओळींमधल्या दिवसांइतकंच शेवटचा स्कॅन कुठे झाला, हेही पाहावं.

रत्नागिरीच्या बाईंची खरी अडचण सातव्या ओळीत आहे. शनिवारी त्या गावाबाहेर होत्या, फोनला रेंज नव्हती. अॅपने त्यांना काहीच कळवलं नाही. अशा न झालेल्या डिलिव्हरीनंतर कुरिअर साधारणपणे आणखी एक-दोनदा प्रयत्न करतं आणि मग पार्सल विक्रेत्याकडे परत फिरवतं. त्याला ‘RTO’ म्हणतात. ही तीन अक्षरं पानावर उमटली, की पार्सल पुन्हा वळवणं जवळपास अशक्य होतं. म्हणून पानावर फोनची किंवा नव्या वेळेची सोय असेल, तर ती ‘Undelivered’ दिसल्याबरोबर वापरायची. सोमवारी सकाळी, डिलिव्हरीची पोरं पार्सलं घेऊन बाहेर पडण्याआधी शाखेत फोन करून बाईंनी दुसरा नंबर आणि ‘देवळामागची चाळ’ अशी खूण सांगितली, तर भांडं त्याच दिवशी घरी येण्याची शक्यता बरीच. अॅपवर तोवर बहुधा ‘Shipped’च असेल.

कधी शेरा खोटाही असतो. आपण दिवसभर घरात, ना बेल वाजली ना फोन आला, आणि पानावर ‘ग्राहक घरी नाही’. दिवसाचा कोटा संपवायला रात्री उशिरा उरलेल्या पार्सलांवर एकदमच असा शेरा मारला जातो, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. साइटवर शेऱ्याची वेळ असते. त्या पानाचा आणि आपल्या कॉल नोंदीचा स्क्रीनशॉट काढून अॅपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवावा. ई-कॉमर्सच्या 2020च्या नियमांनुसार त्याने तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. ‘अजून आलं नाही’ या वाक्यापेक्षा तारीख-वेळ असलेल्या पानाला तिथे वजन जास्त.

आता धोक्याची जागा. कुरिअरचं संकेतस्थळ गुगलवर शोधून पहिल्या दुव्यावर टिचकी मारू नये आणि ‘कस्टमर केअर’ म्हणून जो नंबर वर येतो, तो तर लावूच नये. पार्सलची वाट पाहणारा माणूस ठगांना आयताच सापडतो. पत्ता आपण स्वतः टाइप करावा: `indiapost.gov.in`, `delhivery.com`, `bluedart.com`, `xpressbees.com`. ‘तुमचा पत्ता अपुरा आहे, 48 तासांत दुरुस्त करा’ असा टपाल खात्याच्या नावाने फिरणारा एसएमएस खोटा असल्याचं सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने जाहीर केलेलं आहे. पार्सल पाहायला वेबिल पुरतं. त्यासाठी पाच रुपये, कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी मागणारं पान ठगाचं समजावं. फोनवर कुणी `*21*` किंवा `*401*` ने सुरू होणारा कोड दाबायला सांगितलं तर फोन ठेवून द्यावा. त्याने आपले कॉल दुसऱ्या नंबरकडे वळतात. चुकून दाबलाच असेल तर `##002#` ने वळवणं रद्द होतं. डिलिव्हरीचा ओटीपी खराच असतो, पण तो पार्सल हातात आल्यावर सांगायचा.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. काही मोठी अॅप स्वतःच्याच गाड्यांनी माल पोचवतात. तिथे बाहेरचं कुरिअर नसतंच, तेव्हा त्यांचा क्रमांक दुसऱ्या कुठल्या साइटवर टाकून काही निघणार नाही. आणि कुरिअरच्या पानावर तरी दिसतो तो शेवटचा स्कॅनच, गाडीची आत्ताची जागा नाही.

दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्यांना मात्र दोन पानं पाहण्याची सवय हवी. आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टचा क्रमांक जगभर एकाच साच्याचा असतो: दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी ‘IN’. पार्सल मुंबईहून विमानात बसलं की आपल्या टपाल खात्याच्या पानावर काही दिवस सामसूम होते. तोच क्रमांक अमेरिकेच्या `usps.com` वर टाकला, तर चकल्यांचा डबा न्यूयॉर्कच्या कस्टममध्ये अडकला आहे की मुलाच्या गावच्या पोस्टात पोचला आहे, ते तिथे दिसतं.