नळ कोण तोडणार?

नगरपरिषदेच्या फलकावर शोभेल असा एक नमुना मी स्वतःच रचला आहे:

"ज्या मालमत्ताधारकांकडून मागील वर्षाची पाणीपट्टी विहित मुदतीत भरण्यात आलेली नाही, अशा मालमत्ताधारकांना सदर थकबाकी 31 मार्चपूर्वी भरण्याबाबत कळविण्यात येत असून, तसे न केल्यास नळजोडणी खंडित करण्याची कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घेण्यात यावी."

एकाच वाक्यात चार वेळा '-ण्यात' आणि पुढे 'येणे'चे कुठले ना कुठले रूप. कर्मणी प्रयोगाला मात्र उगाच दोष देऊ नये. 'आईने पत्र वाचले' हा कर्मणीच, पण त्यात आई दिसते. '-ण्यात येणे' या रचनेत कर्ता गायब होतो. कारकुनाला हे सोयीचे असते, कारण निर्णय कुणा एकाचा न राहता कार्यालयाचा होतो.

दुसरी अडचण वाक्याच्या बांधणीची. मराठीत क्रियापद शेवटी येते. 'ज्या…अशा', 'असून', 'केल्यास' अशी गाठीमागून गाठ मारत गेले, की काय करायचे ते कळेपर्यंत वाचकाला सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते. इथे मुख्य वाक्य कोणते म्हणाल, तर 'नोंद घेण्यात यावी'. म्हणजे नेमके सर्वांत बिनकामाचे!

दुरुस्त करताना मी आधी क्रियापदांखाली रेघा मारतो आणि प्रत्येकाला 'कोण?' असे विचारतो. भरायचे कुणी? नागरिकाने. तोडणार कोण? नगरपरिषद. कळवणे आणि नोंद घेणे सरळ गाळता येते, कारण सूचना लावली म्हणजे कळवलेच. मग उरते ते असे:

"तुमची मागील वर्षाची पाणीपट्टी थकली असेल, तर ती 31 मार्चपर्यंत भरा. न भरल्यास नगरपरिषद तुमचा नळ तोडेल."

पण इथे थांबता येत नाही. मुळात 'पूर्वी' होते, मी 'पर्यंत' केले. 31 तारखेला पैसे घेऊन आलेल्या माणसाला खिडकीवरून परत पाठवायचे का, हे अधिकाऱ्यालाच विचारावे लागेल. 'तोडेल' की 'तोडू शकेल'? पहिल्यात सक्ती आहे, दुसऱ्यात अधिकार. तोडण्याआधी वेगळी नोटीस मिळणार का? लांब वाक्यात हे प्रश्न दिसतच नव्हते. म्हणून अशी दुरुस्ती भाषा जाणणाऱ्याने एकट्याने उरकू नये.

सगळीकडे कर्ता आणायचा हट्टही नको. 'पुलाचे काम 2019 मध्ये पूर्ण झाले' इथे ठेकेदाराचे नाव कुणी विचारत नाही. तिथे 'पूर्ण करण्यात आले' ऐवजी 'झाले' एवढा बदल पुरतो. शासन निर्णयाखालची 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ तर तशीच राहू द्यावी, कारण आदेश राज्यपालांच्या नावाने काढावेत असे संविधानाचे कलम 166 सांगते. वरच्या मजकुरातले 'बाब शासनाच्या विचाराधीन होती' मात्र बहुतेक वेळा काढून टाकता येते. विचार झाला म्हणूनच तर निर्णय निघाला.