मिरवणुकीचा अंधार उजळताना

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक रात्री फोनवर टिपली, की बहुतेकदा ढोलवाल्यांचे चेहरे काळवंडतात आणि खांबावरचे दिवे पांढरेफटक होतात. मग एक्स्पोजरचा स्लायडर सरसकट पुढे ढकलला जातो. चेहरे उजळतात खरे, पण दिव्यांभोवतीचा पांढरा डागही पसरतो.

त्यापेक्षा कर्व्ह वापरावा. वरच्या भागात एक बिंदू जागेवर रोवायचा आणि खालच्या पाव उंचीवरचा बिंदू हलकेच उचलायचा. अगदी तळाचा बिंदू मात्र हलवू नये. तो उचलला की काळं आभाळ धुरकट, राखाडी दिसतं. शेजारी वेव्हफॉर्म उघडा ठेवावा. त्यात माथ्याला सपाट चिकटलेली रेघ म्हणजे जळालेले दिवे. तिथे तपशील उरलेलाच नसतो, खाली ओढले तर नुसते करडे ठिपके होतात. ते पांढरेच राहू द्यावेत.

सावलीलाही मर्यादा आहे. आठ बिटच्या व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या फार तर 256 पायऱ्या असतात आणि गडद अंधाराच्या वाट्याला त्यांतल्या थोड्याच येतात. फार ताणलं की आभाळात पट्टे उमटतात, अंगरख्यांवर दाणे वळवळू लागतात. ते दिसताच कर्व्ह थोडा मागे घ्यावा.

पुढच्या मिरवणुकीत मात्र चित्रीकरणाआधीच उजेडातल्या एखाद्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि एक्स्पोजर लॉक करा.