राउटरची पॉवर कमी करावी तेव्हा

राउटर किती जोराने लहरी सोडतो, ते ट्रान्समिट पॉवरवरून कळते. ती डीबीएममध्ये मोजतात. 20 डीबीएम म्हणजे 100 मिलिवॅट; 6 डीबी कमी केले की शक्ती पावपट उरते.

हॉल आणि बेडरूममध्ये एकेक राउटर असलेला फ्लॅट घ्या. फोन हॉलमधून बेडरूममध्ये गेला, तरी हॉलच्या राउटरलाच चिकटून राहतो. कारण तिथला सिग्नल अजून उणे 65 असतो आणि अनेक फोन साधारण उणे 70 च्या खाली गेल्यावरच दुसरा राउटर शोधतात. फोनची स्वतःची पॉवर बहुधा राउटरपेक्षा कमी असते, त्यामुळे त्याचे उत्तर हॉलपर्यंत क्षीण पोहोचते. दांड्या भरपूर दिसतात, पण व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याला आवाज तुटक ऐकू येतो.

राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये Transmit Power 20 वरून 14 केली, की बेडरूममधला सिग्नल उणे 71 होतो आणि फोन जवळच्या राउटरकडे वळतो. काही राउटरवर आकड्याऐवजी High, Medium, Low असे पर्याय असतात.

घरात राउटर एकच असेल, तर मात्र हा उपाय सहसा उलटतो. शेजाऱ्यांच्या लहरी तेवढ्याच राहतात, आपला सिग्नल तेवढा क्षीण होतो. तिथे चॅनल बदलणे किंवा 5 गिगाहर्ट्झ वापरणेच बरे.