अक्षराला एकच काळा, मुखपृष्ठाला भरीव काळा
(छापखान्याच्या आत : लेखांक ६)

हातोदहून एका वाचकांनी आपल्या गणेश मंडळाची स्मरणिका पाठवली आहे. मजकूर गावातच जुळवलेला, छपाई इंदूरला केलेली. सोबतच्या चिठ्ठीत दोन तक्रारी आहेत. आतल्या पानांवरचे फोटो झकास आलेत, पण अक्षरं मळकट दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला की काय, असं दोघातिघांना वाटून गेलं. आणि मुखपृष्ठाची काळी पार्श्वभूमी, जी गडद काळी हवी होती, ती धुतलेल्या छत्रीसारखी फिकट करडी आली.

या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. अक्षरांत जिथे एकाच शाईने काम भागलं असतं तिथे चार पडल्या आणि मुखपृष्ठावर चार हव्या होत्या तिथे एकटी काळी पडली.

आधी अक्षरं पाहू. छापखान्यात ठिपके पाहायला वापरतात ते भिंग या पानावर ठेवलं तर शिरोरेषेच्या वरच्या कडेला निळसर झाक दिसते आणि खालच्या कडेला तांबूस. वेलांटीच्या आत पिवळट मळ आहे, अनुस्वाराचा ठिपका एकाऐवजी दोन-तीन ठिपक्यांचा पुंजका झालाय. शब्द वाचता येतात, पण त्यांना कड नाही. लेखमालेत मागे पाहिलंच आहे की रंगीत छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया चार वेगळ्या प्लेट्सवरून कागदावर येतात. या पानावरचं प्रत्येक अक्षर या चारही प्लेट्सवर आहे.

ते तिथे कसं पोहोचलं? बहुधा मजकूर फोटोशॉपसारख्या ठिकाणी पडद्याच्या रंगांत, म्हणजे आरजीबीत, जुळवला गेला. पडद्यावर काळा म्हणजे तिन्ही प्रकाश बंद: ०, ०, ०. ही फाइल छपाईसाठी चार शायांत बदलली की संगणक या शून्याच्या जागी छपाईत मिळू शकणारा सर्वांत गडद रंग ठेवतो. फोटोशॉपमध्ये अनेकांच्या संगणकावर मुळापासून असलेली अमेरिकन स्वॉप प्रोफाइल लावली तर तो होतो सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९०. बेरीज ३०० टक्के. फोटोतल्या काळ्याभोर केसांसाठी हे मिश्रण उत्तम आहे. पण बदल करणाऱ्या गणिताला केस कुठले आणि ‘क’चा काना कुठला हे कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही सारखेच काळे.

आता हे अक्षर कागदावर उतरताना काय होतं ते मापात पाहू. दहा पॉइंटाच्या देवनागरी अक्षरात मात्रेची किंवा वेलांटीची बारीक रेघ साधारण एक-दशांश मिलिमीटर जाडीची असते, शिरोरेषा त्याहून थोडी जाड. चार प्लेट्स एकमेकींवर तंतोतंत बसल्या नाहीत आणि एखादी एक-दशांश मिलिमीटर सरकली, तर बारीक रेघेच्या शेजारी तितकीच जाड दुसरी रंगीत रेघ उभी राहते. छापखान्यात याला रजिस्टर हलणं म्हणतात. फोटोत एवढं हललेलं डोळ्याला कळत नाही, कारण तिथे सगळेच रंग एकमेकांत विरघळलेले असतात. अक्षरात मात्र पांढऱ्याशेजारी थेट काळं असतं. डोळा सर्वांत चोखंदळ असतो तो नेमका तिथे.

आणि कागद हलतोच. ऑफसेट मशीनमध्ये शाईबरोबर पाणीही लागतं. पहिल्या रंगाखालून जाताना कागद थोडं पाणी पितो आणि दुसऱ्या रंगापर्यंत किंचित फुगतो. वीस बाय तीस इंची ताव घ्या. त्याची लांब बाजू ७६२ मिलिमीटर. ती दहा हजारांत केवळ दोन भागांनी वाढली तरी दीड-दशांश मिलिमीटर वाढते, म्हणजे आपल्या मात्रेच्या रेघेपेक्षा जास्त. चारही रंग एका दमात छापणारं मशीन असेल तर निदान मधे वेळ जात नाही. दोन रंगांच्या मशीनवर ताव दोनदा फिरवावा लागतो. पहिले दोन रंग संध्याकाळी, उरलेले दुसऱ्या दिवशी. मधल्या रात्री थप्पी हवेतला ओलावा घेत बसते. गणपतीच्या स्मरणिका छापायच्या त्या भाद्रपदाच्या आधी, ऐन पावसात. माळव्यातल्या कोरड्या मे महिन्यात उलटं होतं: कागद ओलावा सोडतो, आकसतो, त्याच्या कडा लाटेसारख्या होतात. दोन्हींत रजिस्टर हलतं.

समजा, चांगल्या मशीनमनने सगळं जुळवून दाखवलं. तरी अक्षर सुधारणार नाही, कारण दुसरा दोष प्लेटमध्येच कोरला गेलाय. सायन ७५ टक्के म्हणजे पातळ केलेली शाई नव्हे. शाई तीच पूर्ण दाट, फक्त ठिपक्यांत पडलेली. इंचाला दीडशे ओळींच्या स्क्रीनमध्ये दोन ठिपक्यांच्या मध्यांतलं अंतर ०.१७ मिलिमीटर येतं. ज्या रेघेची जाडीच ०.१ मिलिमीटर, ती असल्या ठिपक्यांनी कशी भरणार? कुठे अर्धा ठिपका, कुठे फट. त्यात काळाही ९० टक्केच, म्हणजे मुख्य शाईसुद्धा चाळणीसारख्या बारीक भोकांनी भरलेली. उलट काळा पूर्ण १०० असेल तर ठिपक्यांचा प्रश्नच उरत नाही. प्लेट काढणारं यंत्र २४०० डीपीआयवर चालत असेल तर अक्षराची कड मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या पायरीने कोरली जाते. त्या कडेची धार आणि ठिपक्यांची धार यांची बरोबरी नाही.

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं तेव्हा काळ्यासाठी एकच दगड आणि एकच शाई होती. सरकायला दुसरा रंगच नव्हता. जुनी पंचांगं आणि पोथ्या हाताळताना अक्षरांचा जो ठामपणा जाणवतो, त्यामागे लिपिकाराचं कौशल्य आहेच. पण हा साधा फायदाही आहे.

तिसरी अडचण वाळण्याची. तीनशे टक्के शाई एका जागी पडली की ती उशिरा वाळते आणि वरच्या तावाच्या पाठीला लागते. याला सेट-ऑफ म्हणतात. आर्ट पेपर एवढी शाई कशीबशी सोसतो, पण वर्तमानपत्राच्या कागदाला बेरीज २४०च्या आसपास थोपवावी लागते. म्हणून हीच फाइल वर्तमानपत्रात दिली तर अक्षरं मळकट होण्यावर थांबत नाहीत. ती पसरतात आणि मागच्या पानावरही उमटतात.

आता मुखपृष्ठ. तिथे पार्श्वभूमी निव्वळ काळा १००, बाकी तिन्ही शून्य अशी दिलेली आहे. अक्षरासाठी जे योग्य तेच मोठ्या पट्ट्यासाठी अपुरं पडतं. ऑफसेटमध्ये कागदावर बसणारा शाईचा थर साधारण एक मायक्रॉनचा असतो. एवढ्या पातळ थरातून थोडा प्रकाश आरपार जाऊन कागदावर आपटून परत येतो. शिवाय मोठ्या जागेत कुठेतरी शाई न धरलेले सुईच्या टोकाएवढे पांढरे बिंदू राहतात. बारीक अक्षरात हे कळत नाही, कारण पांढऱ्या कागदावर कुठलंही गडद अक्षर काळंच वाटतं. पण मुखपृष्ठावर त्या पट्ट्याला लागूनच गणपतीचा फोटो आहे आणि फोटोतली सावली चार शायांची आहे. तिच्या शेजारी एकटा काळा उघडा पडला.

इथे हवा रिच ब्लॅक: पूर्ण काळ्याखाली इतर शायांचा आधार. आर्ट पेपरवर सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० हे चालणारं प्रमाण आहे. बेरीज २४०. गंमत पाहा, आतल्या पानांवर अनवधानाने पडलेल्या काळ्याची बेरीज ३०० होती. हा बेरजेत त्याहून ६०ने कमी असूनही जवळजवळ तितकाच गडद दिसतो. दोघांतला खरा फरक काळ्या शाईच्या आकड्यात आहे. रिच ब्लॅकमध्ये काळी पूर्ण १०० आहे. आकाराची कड ती एकटी राखते आणि बाकीच्या शाया आत बसून खोली वाढवतात. तिथे ९० होता, त्यामुळे कड राखायला कोणीच नव्हतं. काही जण फक्त सायन ६० आणि काळा १०० वापरतात. त्याने काळा थंड, निळसर दिसतो. मॅजेंटाकडे झुकवला तर तो ऊबदार होतो. मला गणपतीच्या फोटोशेजारी निळसर काळा रुचत नाही, पण ती आवडीची बाब झाली.

एकच काळा वापरला तर आणखी एक चूक दडून बसते. काळा १०० अनेकदा खालचे रंग न कापता त्यांच्यावर छापला जातो. याला ओव्हरप्रिंट म्हणतात. पिवळ्या पट्टीवरच्या अक्षरांसाठी हे वरदान आहे, कारण रजिस्टर हललं तरी अक्षराभोवती पांढरी फट उघडत नाही. पण याच मुखपृष्ठावर काळ्या पट्ट्याचा अर्धा भाग फोटोवर आणि अर्धा कोऱ्या कागदावर आलाय. फोटोवरचा अर्धा जास्त काळा दिसतो, त्यात फोटोची किनारही अंधुक उमटली आहे. रिच ब्लॅक दिला असता तर पट्टा एकसारखा आला असता.

रिच ब्लॅकलाही रजिस्टर सोसावं लागतं, विशेषतः त्यातून पांढरी अक्षरं कोरलेली असतील तेव्हा. मंडळाचं नाव मोठ्या ठशात असेल तर चिंता नाही. पण त्याखालची पत्त्याची बारीक ओळ सायनने किंवा मॅजेंटाने आतून भरते आणि गुलाबी-निळी दिसू लागते. उपाय असा: अक्षराच्या कडेला फक्त काळा १०० ठेवायचा आणि आधाराच्या तिन्ही शाया पाव-अर्धा पॉइंट मागे ओढायच्या. हे जमत नसेल तर बारीक पांढरी ओळ त्या पट्ट्यात घालूच नये. काळ्या ठळक मथळ्यांनाही हेच माप लावता येईल. तीस पॉइंटांच्या पुढे रिच ब्लॅकचा विचार करावा. त्याखाली एकच काळा.

मग हा दोष छापण्याआधी कोणालाच का दिसला नाही? वाचक लिहितात, हातोदमध्ये दुकानातल्या लेझर प्रिंटरवर पानं काढली तेव्हा अक्षरं स्वच्छ होती. तसंच होणार. असे बरेच प्रिंटर आरजीबीतलं काळं अक्षर ओळखून ते आपोआप एकट्या काळ्या टोनरने छापतात. ऑफसेटची प्लेट काढणारं यंत्र असा उपकार करत नाही. फाइलीत जे आहे ते चार प्लेट्सवर वाटून देतं. म्हणून तपासणी कागदावर नव्हे, छापायच्या पीडीएफमध्येच करायची. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये Output Preview उघडा आणि रंगांच्या यादीतल्या काळ्यासमोरची खूण काढा. अक्षरं पूर्ण नाहीशी झाली तर ठीक. राखाडी-तपकिरी भुतासारखी मागे राहिली तर मजकूर चार शायांत आहे. खूण परत लावून माउस अक्षरावर नेला तर चारही आकडे दिसतात.

दुरुस्ती शक्यतो मूळ फाइलीत करावी. इनडिझाइनमध्ये मजकुराला [Black] स्वॉच द्यावा. त्याच्याच यादीतला [Registration] स्वॉच चुकूनही देऊ नये. तो पडद्यावर तसाच काळा दिसतो, पण चारही प्लेट्सवर १०० टक्के उतरतो. फोटोशॉपमध्ये मजकूर जुळवायचा नाहीच, तिथे फक्त फोटो. फोटोशॉपमध्ये सपाट झालेलं अक्षर फोटोच्याच ठिपक्यांचं बनतं. मग आकडे सुधारले तरी त्याची कड मऊच राहते. मूळ फाइल हाताशी नसेल आणि पीडीएफमधलं अक्षर अजून अक्षर म्हणूनच शिल्लक असेल, तर छापखान्यातला माणूस प्रीफ्लाइटमध्ये ते एका काळ्यावर आणू शकतो. फक्त त्याला हे प्लेट काढण्याआधी सांगावं लागतं.

पुढच्या आठवड्यात : मॅपलिथो कागदावर ठिपका का फुगतो.