दारातलं तबक : पन्नास वर्षांचा मागोवा

सत्तरच्या दशकात आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी, नुसता पाहुणा आला म्हणून त्याला कुणी दारात ओवाळल्याचं मला आठवत नाही. पाहुण्याला हातपाय धुवायला पाणी मिळायचं, मग गूळ-पाणी आणि त्यानंतर चहा. औक्षणाचं तबक निघायला कारण लागायचं. वाढदिवस, पाडवा, भाऊबीज, लग्न, परीक्षेला किंवा नोकरीवर निघालेला मुलगा, अशी ती कारणं. आज मंगल कार्यालयाच्या, शाळेच्या, हॉटेलच्या दारात येईल त्याच्या कपाळाला टिळा लागतो आणि त्यालाच पारंपरिक स्वागत म्हणतात. पूर्वी दारात वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळ्या रीती होत्या आणि प्रत्येकीचं म्हणणं निराळं होतं. गेल्या पन्नास वर्षांत त्या हळूहळू एकाच तबकात गोळा झाल्या.

पाहुण्याच्या पाण्यापासून सुरुवात करते, कारण ती रीत सगळ्यात आधी गेली. ओसरीच्या कडेला घंगाळ आणि तांब्या असायचा. माणूस एसटीतून उतरून दोन-तीन मैल धुळीतून चालत आलेला असे. घरातलं पोर तांब्या घेऊन पायावर पाणी घाली आणि पंचा पुढे करी. पाणी घालणारं पोर घरातलं असणं महत्त्वाचं होतं, गड्याला ते काम सांगत नसत. पाय धुतलेला माणूस ओसरीवरून आत माजघरापर्यंत येऊ शकत असे. मग वाटीत गुळाचा खडा आणि सोबत पाणी. उन्हातून आलेल्याने एकदम गटागटा पाणी पिऊ नये, आधी गूळ चघळावा, असं आजी प्रत्येकाला सांगायची. या सगळ्यात कुंकू नव्हतं की दिवा नव्हता. तू दमून आला आहेस, आता बस, एवढंच त्यात होतं. पुढे बाथरूम घरात आली, चप्पल दाराशी राहिली, पाहुणा रिक्षातून थेट फाटकापाशी उतरू लागला आणि पायावरचं पाणी सुटलं. गुळाची वाटी त्यानंतर थोडी टिकली, पण बिस्किटांच्या बशीपुढे तीही मागे पडली.

भाकरतुकडा मात्र अजून टिकून आहे. आमचा एक काका पलटणीत होता. तो सुट्टीवर संध्याकाळच्या गाडीने यायचा. ट्रंक अंगणात टेकवून पायरी चढायला लागला की आतून आजीचा आवाज यायचा, “थांब रे, दारातच थांब.” ती भाकरीचे दोन तुकडे आणि पाण्याचा तांब्या घेऊन यायची. तुकडे त्याच्यावरून डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरायची, एक उजव्या हाताला आणि एक डाव्या हाताला लांब टाकायची. मग तांब्यातलं पाणी त्याच्या पायावर ओतायची आणि ओल्या बोटांनी त्याच्या डोळ्यांना पाणी लावायची. हे होईपर्यंत आम्ही मुलांनी त्याला बिलगायचं नाही, असा सक्त नियम होता. वाटेत जे काही मागे लागलं असेल ते त्या तुकड्यावर जाऊ दे, घरात माणूस तेवढा येऊ दे, हा त्यामागचा भाव. म्हणून ही रीत लांबच्या प्रवासाहून आलेल्यासाठी, दवाखान्यातून बाळ घेऊन आलेल्या बाळंतिणीसाठी आणि नव्या नवरीसाठी. म्हणजे ज्यांना नजर लागेल किंवा ज्यांचं काही बरं-वाईट होईल अशी घराला धास्ती असते, त्यांच्यासाठी. शेजारच्या गावाहून भेटायला आलेल्या व्याह्यांवरून कुणी तुकडा उतरून टाकत नसे.

फ्लॅटमध्ये तुकडा टाकायचा कुठे, हा प्रश्न आला. लिफ्टच्या दाराशी टाकला तर सोसायटीत बोलणी बसतात. बहुतेक घरांनी साधा मार्ग काढला. तुकडे उतरून बशीत ठेवायचे आणि नंतर खाली जाऊन झाडाच्या बुंध्याशी किंवा पक्ष्यांना घालायचे. पायावर ओतायच्या तांब्याऐवजी आता पायांवर नुसतं पाणी शिंपडतात. बाळंतपण दवाखान्यातच व्हायला लागल्यापासून बाळ पहिल्यांदा घरी येण्याचा दिवस मोठा झाला, आणि त्यामुळे बाळासाठीचा भाकरतुकडा आज शहरातही आठवणीने होतो. अमेरिकेतल्या माझ्या भाचीने पोळीचा तुकडा वापरला. भाकरी नव्हती, पण बाळाला घेऊन ती दाराबाहेर थांबून राहिली होती.

औक्षण ही मुळात घराच्या आत, पाटावर बसवून करायची गोष्ट. पाट मांडून भोवती रांगोळी काढायची, बसणाऱ्याचं तोंड पूर्वेकडे आणि पुरुष असेल तर डोक्यावर टोपी किंवा निदान रुमाल. तबकात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि तुपाची निरांजनं. अक्षतांचे तांदूळ अख्खे निवडून घ्यायचे, त्यात कणी चालत नाही. त्यांना कुंकू लावताना पाण्याचा हात अगदी हलका हवा. जास्त ओलं झालं तर गोळा होतो आणि कपाळावर एकही दाणा टिकत नाही. आधी अनामिकेने कुंकू, त्यावर दोन-चार दाणे, उरलेल्या अक्षता डोक्यावर. मग अंगठी आणि सुपारी हातात धरून चेहऱ्यापुढून फिरवायची आणि तबकाला टेकवायची, असं तीनदा. शेवटी निरांजनाचं तबक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ओवाळायचं आणि हातावर साखर किंवा पेढा ठेवायचा. काही घरांत डोक्याला कापूस आणि दूर्वा लावतात. कापसासारखे केस पांढरे होईपर्यंत जग आणि दूर्वेसारखा पसर, असं म्हणणं. अख्खे तांदूळ, न झिजणारं सोनं, टणक सुपारी आणि जळती वात, सगळ्यांतून मागणं एकच आहे, दीर्घ आयुष्याचं. म्हणूनच औक्षण धाकट्यांचं किंवा ज्याच्या आयुष्याची काळजी आहे त्याचं व्हायचं. पंचाहत्तरीला मात्र वडीलधाऱ्यांना तितके दिवे लावून ओवाळायचे.

लग्नघरच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताची खरी रीत वेगळीच होती. मांडवाच्या तोंडाशी दोन-तीन सुवासिनी करंडा घेऊन उभ्या राहत. येणाऱ्या बायकांना हळद आणि कुंकू, शक्य झालं तर गजरा. पुरुषांच्या मनगटाला अत्तर. आणि घरातली दहा-बारा वर्षांची मुलं गुलाबदाणी हातात घेऊन सगळ्यांवर गुलाबपाणी शिंपडायची. ते काम मिळावं म्हणून आम्हा भावंडांत भांडणं होत. पाहुण्यांसाठी वास होता, गारवा होता. टिळा लावून ओवाळणं होतं ते फक्त नवऱ्या मुलासाठी. वऱ्हाड वेशीवर आलं की वधूचे आई-वडील तिथे जाऊन त्याचे पाय धूत, गंध-अक्षता लावत आणि वस्त्र देत. ते सीमांतपूजन. ते सीमेवर व्हायचं, कारण तिथून पुढे तो त्यांच्या गावचा पाहुणा. कार्यालयं आली तसं ते आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये खुर्चीवर बसवून होऊ लागलं. आज बऱ्याच ठिकाणी ते विधीपुरतंच उरलंय. अत्तरदाणी आणि गुलाबदाणी गेली, त्या जागी फेटे बांधणारा माणूस दाराशी बसतो. नवरीने माप ओलांडण्याआधी कुंकवाच्या पाण्याच्या परातीत पाय बुडवून पावलं उमटवायची, हेही आमच्याकडे पूर्वी नव्हतं. उजव्या पायाने तांदळाचं माप लवंडून ती आत यायची, तेवढं पुरे असायचं. पावलं मालिकांमधून आली आणि फोटोत छान दिसतात म्हणून राहिली.

या काळात कुंकूही बदललं. हळकुंडं लिंबाच्या रसात, टाकणखारात आणि तुरटीत मुरवून वाळवली की ती लाल होतात, मग ती कुटून कुंकू करतात. आमच्याकडे पंढरपूरला जाणारा माणूस बुक्क्यासोबत ते कुंकू आणायचा. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं केम हे गावही कुंकवासाठी ओळखलं जातं. हळदीचं कुंकू गडद असतं, जरा किरमिजी, त्याला हळदीचा मंद वास येतो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या पुड्यांमध्ये बरेचदा रंगच असतो. तो भडक दिसतो आणि काहींच्या कपाळाला खाज सुटून डाग पडतो. ज्या घरात येईल त्या प्रत्येकाला टिळा लावायचा आहे, त्या घराने निदान हे तरी पाहून घ्यावं. दुसऱ्याच्या अंगाला आपण हात लावतो आहोत.

आणि हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबावं, असंही मला वाटतं. सभागृहाच्या दारात ओळीने उभ्या केलेल्या मुली समोर येईल त्याच्या कपाळाला बोट टेकवत जातात. कुणाला धर्मामुळे, कुणाला विचाराने, कुणाला त्वचेच्या त्रासाने टिळा नको असतो, आणि दारात नाही म्हणणं पाहुण्याला फार अवघड जातं. जुन्या रीतीत याची सोय होती. करंडा नुसता पुढे धरायचा, घेणारी आपल्या बोटाने घेई. टिळा नको असेल त्याला फूल किंवा अत्तर देता येतं.

या दारात कोण उभं राहायचं आणि कुणाला मागे व्हावं लागायचं, हे सांगितल्याशिवाय हा मागोवा पुरा होत नाही. तबक सुवासिनीच्याच हातात. माझी आत्या फार लवकर विधवा झाली. अक्षता ती निवडायची, वाती ती वळायची, तबक ती लावायची, आणि नवरदेव दाराशी आला की स्वयंपाकघरात निघून जायची. तिच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नातही त्याला ओवाळलं ते चुलतीने. मुलाच्या आयुष्याची काळजी तिच्याइतकी कुणाला असणार होती? ज्या कृतीचा सगळा अर्थच आयुष्य मागणं हा आहे, तिच्यातून जन्मदात्या आईला वगळणं मला तेव्हाही सोसलं नव्हतं. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हाच मार्ग घ्यायला सांगितलं. ठरावाने सगळी घरं बदलत नाहीत. पण आमच्या नात्यात त्यानंतर झालेल्या एका लग्नात विहीणबाईंनीच पुढाकार घेतला आणि नवऱ्यामागे एकटीने मुलाला वाढवलेल्या आईला दाराशी बोलावलं. तबक तिच्या हातात दिलं, आणि शेजारी दुसरं निरांजन घेऊन स्वतः उभ्या राहिल्या. मुलीलाही पाटावर बसवून ओवाळलं, जे माझ्या लहानपणी क्वचितच होई. भटजींनी पुढचा विधी सांगितला आणि सगळे आत गेले.