कुत्र्यांमधील रक्तपेशीनाश: चाचणी, गुठळ्या आणि उपचार

कुत्र्याच्या शरीरातील प्रतिपिंडे स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशींना चिकटली, की प्लीहा आणि यकृतातील भक्षक पेशी त्या परक्या समजून गिळू लागतात. या आजाराला प्रतिकारजन्य रक्तपेशीनाश म्हणतात. कॉकर स्पॅनियल जातीत तो जास्त आढळतो.

समजा, १२ किलोची एक स्पॅनियल मादी दोन दिवस निपचित पडून आहे. हिरड्या पांढुरक्या, डोळ्यांत कावीळ, लघवी गडद नारिंगी. निरोगी कुत्र्यात तांबड्या पेशींचे प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, साधारण ३७ ते ५५ टक्के असते. हिचे १४ टक्के भरते.

काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात सलाइन मिसळल्यावरही पेशींचे पुंजके राहिले, तर संशय बळावतो. पुंजके दिसले नाहीत तर कूम्ब्स चाचणी करतात. ही पद्धत रॉबिन कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये मांडली. कूम्ब्स स्वतः पशुवैद्यक होते. पेशी सलाइनने अनेकदा धुऊन त्यांत कुत्र्याच्या प्रतिपिंडांना पकडणारे द्रव्य घालतात. पेशींवर प्रतिपिंडे असतील, तर ते त्यांना एकमेकींशी बांधते आणि पुंजके होतात. मात्र प्रतिपिंडे का आली, हे चाचणी सांगत नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिया संसर्गातही ती होकारार्थी येऊ शकते, म्हणून भारतात तो आधी तपासावाच लागतो. उलट प्रतिपिंडे फार थोडी असली, तर आजार असूनही निकाल नकारार्थी येतो.

पेशी कमी होणे हा एकच धोका नव्हे. फुटलेल्या पेशींचे अवशेष आणि तीव्र दाह यांमुळे रक्त गोठण्याकडे झुकते. पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसात गुठळी अडकून अनेक कुत्री दगावतात. श्वास अचानक जलद झाला, तर तो केवळ अशक्तपणा समजू नये. म्हणून प्लेटलेट्स फार कमी नसतील, तर निदान होताच क्लोपिडोग्रेल किंवा हेपॅरिन सुरू करतात. या मादीला ७५ मिलिग्रॅमच्या क्लोपिडोग्रेल गोळीचा पाव भाग रोज पुरतो.

मुख्य औषध प्रेडनिसोलोन. दर किलोला रोज २ मिलिग्रॅम या हिशेबाने तिला २४ मिलिग्रॅम पडते. आजार गंभीर असल्याने जोडीला मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन किंवा अझाथायोप्रिन यांपैकी एक देतात. अझाथायोप्रिन चालू असताना यकृत आणि पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवतात. औषधांचा परिणाम दिसायला दिवस लागतात, तोवर गरजेनुसार रक्त चढवतात.

पीसीव्ही दोन आठवडे ३० टक्क्यांवर टिकला, की प्रेडनिसोलोन २४ वरून १८ मिलिग्रॅमवर आणतात. पुढे पीसीव्ही टिकून असेल, तर साधारण दर तीन आठवड्यांनी आणखी कपात होते. प्रत्येक कपातीआधी रक्त तपासतात. पीसीव्ही पुन्हा घसरू लागला, तर कपात थांबवून मात्रा वाढवावी लागते. सगळे सुरळीत झाले तरी औषधे बंद व्हायला बहुधा चार ते आठ महिने लागतात.